दोन तासांचं कीर्तन नऊशे शब्दांत उतरवताना

नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीला, नागपूरच्या महाल भागातल्या एका मंदिरात नारदीय कीर्तन झालं. विश्वस्तांना ते रामनवमीच्या स्मरणिकेत हवं होतं. जागा दोन पानं, म्हणजे नऊशे शब्द. मधे जेमतेम अडीच आठवडे, आणि त्यातला शेवटचा आठवडा छपाईसाठी राखलेला. हाती होतं ते मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण, दोन तासांहून थोडं जास्त. दुसऱ्याने रंगवून सांगितलेलं कीर्तन आपल्या हाताने कापायचं म्हटलं की पहिल्यांदा धास्तीच वाटते. काय गाळावं यापेक्षा, गाळलं म्हणून बुवांना काय वाटेल याचीच जास्त. पुढे हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांच्यासाठी ते कसं झालं ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

पहिली पायरी ध्वनिमुद्रण कागदावर आणण्याची. सीताबर्डीवरच्या एका टंकलेखकाने पानाला तीस रुपये सांगितले. समोरचा मजकूर बघून टाइप करण्यापेक्षा ऐकून लिहिणं अवघड, म्हणून दर जास्त. सुमारे अकरा हजार शब्द, चाळीसेक पानं झाली आणि बाराशे रुपये गेले. एका तासाचं बोलणं उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. कीर्तनात मागे पेटी-तबला वाजत असतो, त्यामुळे त्याहूनही जास्त धरा. काम देतानाच टंकलेखकाला तीन गोष्टी सांगाव्यात. वाक्यं सुधारायची नाहीत. जिथे हशा, गाणं किंवा नामघोष आहे तिथे कंसात तसं लिहायचं. आणि दर पाच मिनिटांनी समासात वेळ टाकायची. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे एखादं वाक्य पुन्हा ऐकायचं झालं तर तीच उपयोगी पडते.

टाइप होऊन आलेली संहिता ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्याशिवाय सारांशाला हात लावू नये. या कीर्तनाचा मूळ अभंग तुकोबांचा, ‘जे का रंजले गांजले’. त्यातली ओळ आहे, ‘ज्यासि आपंगिता नाही, त्यासि धरी जो हृदयी’. आपंगिता म्हणजे सांभाळणारा, आपला म्हणणारा. टंकलेखकाने लिहिलं होतं, ‘ज्यासी अपंगता नाही’. म्हणजे साधू फक्त धडधाकट माणसाला जवळ करतो, असा उलटाच अर्थ झाला! ‘सबाह्य’चं ‘सभा ह्या’ झालं होतं आणि आख्यानातली कावड दोन ठिकाणी ‘कवाड’ झाली होती. अभंग, ओव्या आणि श्लोक संहितेवरून कधीच उचलू नयेत. गाथा किंवा ज्ञानेश्वरी उघडून त्यातल्याप्रमाणे लिहावेत. चुका तिथेच सर्वांत जास्त असतात, कारण टंकलेखक अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दात बसवतो.

मग समासात खुणा. नारदीय कीर्तनाचा साचा ठरलेला असतो. आधी नमन, मग पूर्वरंग, त्यात मूळ पद घेऊन त्याचं निरूपण. मग मध्यंतर, नामघोष, बुक्का, हार. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. शेवटी आख्यान पुन्हा मूळ पदावर आणून सोडतात आणि भैरवी, आरती होते. वारकरी कीर्तनात अशी सरळ दोन दालनं नसतात. तिथे एकच अभंग चरणाचरणाने उलगडत जातो आणि दृष्टांत त्यात विणलेले असतात, त्यामुळे खुणांची पद्धत वेगळी ठेवावी लागते. इथे मी प्रत्येक परिच्छेदापुढे एकच अक्षर लिहिलं : निरूपणाला ‘नि’, दृष्टांताला ‘दृ’, आख्यानाला ‘आ’, दुसऱ्या संताचं वचन आलं तर ‘प्र’, आणि सभेशी केलेल्या गप्पांना ‘स’. ‘दृ’पुढे तो अभंगाच्या कोणत्या चरणासाठी आला आहे तेही लिहावं. ज्या दृष्टांतापुढे चरण लिहिता येत नाही, तो बहुतेक गाळण्याच्या कामाचा.

खुणा झाल्यावर या कीर्तनाचा सांगाडा दिसला तो असा. पूर्वरंगात ‘मृदु सबाह्य नवनीत’ या चरणावर फणस, बोर आणि लोणी यांचा दृष्टांत होता. फणस बाहेरून काटेरी, आत गोड. बोर बाहेरून मऊ, आत कठीण. लोणी मात्र आतबाहेर सारखंच. ‘ज्यासि आपंगिता नाही’ या चरणावर गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं महारवाड्यातलं लेकरू एकनाथांनी उचलून घरी पोचवलं, ती कथा. पाणपोईवर एक विनोद. एका राजाची गोष्ट, जिला कोणताच चरण लागत नव्हता. मध्यंतरानंतर नाथांच्या घराण्याची ओळख, पणजोबा भानुदास आणि गुरू जनार्दनस्वामी यांच्यासह, आणि मग पस्तीस मिनिटं आख्यान : काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेताना नाथांनी ती वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ते.

यातली राजाची गोष्ट आधी गेली. ध्वनिमुद्रण नीट ऐकलं तर कळतं की ती चालू असताना मंडळी येऊन बसत होती. बुवा सभा स्थिर व्हायची वाट बघत होते. अशी गोष्ट कीर्तनात योग्यच असते, लेखात तिला जागा नसते. लेकराची कथाही गाळायचा मोह होता. आख्यानातही करुणाच आहे, मग तेच दोनदा कशाला? पण आख्यान रंगात आल्यावर बुवांनी म्हटलं होतं, ‘ज्या हातांनी ते पोर उचललं, त्याच हातांनी कावड उतरवली.’ हे वाक्य ठेवायचं तर लेकरू ठेवावंच लागतं. तेव्हापासून एक नियम पक्का केला आहे : पुढे ज्या गोष्टीचा परत उल्लेख होतो ती गाळायची नाही, फार तर लहान करायची. त्यासाठी गाळण्यापूर्वी संहितेत त्या गोष्टीतली मुख्य नावं पुढे कुठे येतात का ते शोधून घ्यावं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो बोधावर. कीर्तनाचा बोध आपण कथेवरून काढायचा नसतो. तो कीर्तनकाराने कुठे सांगितला ते शोधायचं असतं, आणि नारदीय कीर्तनात तो बहुधा एका जागी सापडतो : आख्यान संपवून बुवा मूळ पदाच्या ध्रुपदावर परत येतात, त्याच्या आधीच्या दोन-चार वाक्यांत. गाढवाची कथा कोणालाही विचारा, तो सांगेल की ‘भूतदया करावी’ हा तिचा बोध. स्मरणिकेसाठी आधी कोणीतरी पाठवलेल्या चार ओळींतही तेच होतं. पण या बुवांनी काय म्हटलं? ‘वेष सगळ्यांचा सारखा. कावड सगळ्यांची सारखी. गंगासुद्धा सारखी. मग साधू कोण? ज्याची कावड खाली आली तो.’ आणि लगेच ‘तोचि साधू ओळखावा’ हे ध्रुपद. म्हणजे त्यांचा विषय साधू ओळखायचा कसा, हा होता. दया ही ओळखीची खूण म्हणून आली. हा फरक बारीक वाटेल, पण कथेतला कोणता तपशील ठेवायचा ते त्यावरच ठरतं. बोध भूतदयेचा असेल तर नाथ आणि गाढव एवढं पुरे. बोध ओळखीचा असेल तर बाजूने निघून गेलेले यात्रेकरू हवेतच.

म्हणून प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारला : हा काढला तर बुवांचं शेवटचं वाक्य उभं राहतं का? यात्रेकरू काढले तर ‘सगळ्यांची सारखी’ या शब्दांना आधार राहत नाही. काशीपासूनचा लांब प्रवास काढला तर कावड खाली ठेवण्याचं मोल कळत नाही. पण प्रवासातल्या गावांची नावं, कावडीचं वर्णन, नाथांचं पहाटेचं स्नान हे काढूनही वाक्य शाबूत राहतं. ते गेलं.

आता कापणं प्रत्यक्षात कसं होतं ते एका तुकड्यावर दाखवतो. संहितेत असं होतं :

‘आता बघा, वाट कसली, वाळूच वाळू. वर ऊन. आपल्या नागपूरचं मे महिन्यातलं ऊन आठवा, म्हणजे झालं! (हशा) आणि ते गाढव... तडफडतंय हो ते. जीभ बाहेर आलीय. पाय झाडतंय. आणि यात्रेकरू बाजूनं चाललेत. एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्यानं तर अंगरखा सावरला, शिवेल म्हणून! सगळ्यांच्या खांद्यावर कावड. सगळ्यांच्या कावडीत गंगा. पाणी नव्हतं का त्यांच्याजवळ? होतं! पण ते रामेश्वराचं होतं, गाढवाचं नव्हतं. आणि नाथ थांबले. नाथांनी कावड खाली ठेवली. खाली ठेवली हो! काशीपासून जमिनीला न टेकवलेली कावड...’

घाईत केलेला सारांश बहुधा असा होतो : ‘वाटेत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी त्याला गंगाजल पाजले. यावरून प्राणिमात्रांवर दया करावी हा बोध मिळतो.’ यात खोटं काही नाही, पण हे त्या रात्रीचं कीर्तन नाही, पाठ्यपुस्तकातला धडा आहे. छापायला गेलेला मजकूर असा :

‘वाळूच्या वाटेवर एक गाढव तहानेने तडफडत पडले होते. यात्रेकरू त्याच्या बाजूने जात राहिले. शिवेल म्हणून एकाने अंगरखाही सावरला. पाणी प्रत्येकाच्या खांद्यावर होते, पण ते रामेश्वराच्या नावाचे होते. नाथ थांबले आणि काशीपासून जमिनीला न टेकवलेली कावड त्यांनी खाली ठेवली.’

शब्द निम्म्यावर आले. बुवांनी ‘खाली ठेवली’ हे दोनदा म्हटलं, मधे थांबून. ती पुनरुक्ती कागदावर नुसती वाचली जाते, ऐकू येत नाही. म्हणून तिच्याऐवजी वजन वाक्याच्या शेवटी आणलं : ‘खाली ठेवली’ हे शेवटचे शब्द. नागपूरचं ऊन गाळलं, कारण त्याने बोधाला काही हातभार लागत नव्हता. अंगरखा ठेवला, कारण तो पाच शब्दांत यात्रेकरूंचा स्वभाव सांगतो. एवढ्या लांब आख्यानात असे दोन-तीन तपशील पुरतात. सगळंच थोडं थोडं कमी केलं तर गोष्टीची यादी होते. त्यापेक्षा काही भाग पूर्ण काढावा आणि जो उरेल त्याला नीट जागा द्यावी.

जागेची वाटणी आधीच कागदावर लिहून घेतली होती. अभंग आणि विषय एकशे दहा शब्द, पूर्वरंग दोनशे सत्तर, नाथांची ओळख चाळीस, आख्यान तीनशे ऐंशी, समारोप शंभर. ही वाटणी नसली तर काय होतं ते सांगतो. लिहिणारा सुरुवातीला उत्साहात असतो, पूर्वरंगच पाचशे शब्द खातो आणि आख्यानाचा शेवट दोन ओळींत गुंडाळला जातो. म्हणून मी आख्यान आधी लिहिलं, मग समारोप, आणि पूर्वरंग सर्वांत शेवटी.

भाषेबाबत ठरवलं ते असं : कथन प्रमाण लेखी मराठीत, पण संवाद बुवांच्या तोंडचे जसेच्या तसे, आणि तेही मोजके. संपूर्ण सारांशात संवाद दोनच ठेवले. सोबती म्हणतात, ‘नाथा, यात्रा वाया गेली की रे!’ आणि नाथ म्हणतात, ‘माझा रामेश्वर इथंच सामोरा आला.’ हा प्रसंग निरनिराळे कीर्तनकार निरनिराळ्या शब्दांत सांगतात, गाढव कुठे भेटलं तेही बदलतं. पोथी उघडून त्यातली आवृत्ती इथे घालायची नाही. सारांश या कीर्तनाचा आहे. ‘बुवा म्हणाले’ हे शब्द फक्त तिथे, जिथे मत त्यांचं आहे. गोष्ट चालू असताना ते मधे मधे आले की वाचणारा दर वेळी कथेतून बाहेर पडतो.

बुवांनी सांगितलं तसंच ठेवण्याला अपवाद एकच, तो दुसऱ्या संताच्या वचनाचा. पूर्वरंगात ओघात बुवांनी ‘जे जे भेटे भूत, ते ते मानिजे भगवंत’ ही ओवी नाथांची म्हणून सांगितली. ती ज्ञानेश्वरीतली, दहाव्या अध्यायातली. दोन तास न थांबता बोलताना असं होतंच. मात्र छापताना तसंच ठेवलं तर वाचक बुवांना दोष देणार, आणि परस्पर दुरुस्त केलं तर बुवा आपल्याला. अशा जागा वेगळ्या कागदावर काढून त्यांनाच विचाराव्यात. आमच्या यादीत तीन प्रश्न होते. चाळीस प्रश्न पाठवले तर उत्तर येत नाही.

कच्चा मसुदा दोघांनी वाचला, एक त्या रात्री कीर्तनाला होते, एक नव्हत्या. दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारायचे. जे होते त्यांना : तुमच्या लक्षात राहिलेलं काही यात नाही का? जे नव्हते त्यांना : मसुदा बाजूला ठेवून गोष्ट मला सांगा. नसलेल्या काकूंनी गोष्ट सांगताना यात्रेकरू आपणहून सांगितले, तेव्हा जीव भांड्यात पडला. असलेल्या काकांनी राजाची गोष्ट मागितली. ती का नाही हे सांगितल्यावर म्हणाले, ‘ते बरोबर आहे, पण मजा आली होती बुवा.’

मग मसुदा कीर्तनकारांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. इथे थांबावं लागलं. या दिवसांत कीर्तनकार रोज नव्या गावी असतात आणि फोन दुपारीच लागतो. तीन-चार दिवस उत्तर नव्हतं, छपाईची तारीख मात्र जवळ येत होती. कीर्तनाच्या रात्रीच विचारून ठेवावं की मजकूर पाठवला तर कधी आणि कसा बघाल. फोन लागला तेव्हा त्यांनी ओवी माउलींच्या नावाने करायला लगेच सांगितलं आणि आख्यानात एक शब्दही बदलला नाही. बदलायला लावलं ते पाणपोईचं वाक्य. कीर्तनात त्यांनी म्हटलं होतं की अमुक चौकातल्या पाणपोईवर रांजणापेक्षा दात्याच्या नावाची पाटी मोठी आहे, आणि सभा खूप हसली होती. विनोद बोधाशी जुळणारा होता, म्हणून मी तो ठेवला होता. बुवा म्हणाले, चौक काढा, पाटी ठेवा. छापलेल्या पानावर तो माणूस ओळखू आला असता.

विश्वस्तांची मागणी निराळीच होती. मध्यंतरात झालेले सत्कार आणि देणगीदारांची नावं सारांशात हवी होती. नऊशे शब्दांत ती घातली असती तर आख्यानातून शंभर शब्द गेले असते. शेवटी ती पानाच्या तळाशी वेगळ्या चौकटीत गेली. हा वाद प्रत्येक स्मरणिकेत होतो, त्यामुळे चौकटीचा पर्याय तुम्हीच आधी सुचवावा.

छपाईआधीचं प्रूफ मात्र बारकाईने बघा. युनिकोडमधला मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना काही अक्षरं तुटतात. ‘दुसऱ्या’, ‘सोबत्यांच्या’ असे शब्द आणि अभंगाच्या चरणामागचे दंड आधी तपासावेत. आमच्याकडे दंडांच्या जागी एकचे आकडे उमटले होते.

स्मरणिका छापून झाल्यावर ध्वनिमुद्रण, ताडून पाहिलेली संहिता आणि सारांश या तिन्ही फायली एका पेनड्राइव्हवर मंदिराच्या कार्यालयात दिल्या, नावात तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही घालून. सोबत एक पान जोडलं आहे, त्यावर काय गाळलं आणि ते संहितेत कितव्या मिनिटाला आहे याची नोंद आहे. राजाची गोष्ट ज्यांना हवी असेल त्यांना तिथे मिळेल.